लांबचा नळ आणि फिरता पंप

निवृत्तीनंतर घर बांधणाऱ्या आपल्या मंडळींना सध्या एक नवी वस्तू विकली जाते आहे. गरम पाण्याच्या लाईनवर बसवायचा छोटा फिरता पंप. ‘नळ उघडा, लगेच गरम पाणी’ असं सांगून तो गळ्यात मारला जातो. गेल्या हिवाळ्यात तीन जणांनी मला त्याबद्दल विचारलं. दोघे आपल्याच पलटणीतले, तिसरे नेव्हीतले. माझं मत आधीच सांगून टाकतो. चोवीस तास चालणारा असा पंप साध्या राहत्या घरात बसवू नये. बटणावर चालणारा पंप काही घरांत चांगला, बऱ्याच घरांत अनावश्यक. आणि बराकीत, वसतिगृहात, इस्पितळात मात्र तो नसेल तर नकाशाच चुकला असं समजावं. तिन्ही ठिकाणी पंप तोच असतो. फरक पाईपच्या लांबीचा आणि नळ दिवसातून किती वेळा उघडतो याचा आहे.

मी सॅपर आहे, त्यामुळे पाईप, पंप आणि पाणी हे माझ्या रोटीचे विषय. पण हे लिहायला निमित्त झालं रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं एक घर. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, इथे ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, वस्ती. थर्मामीटरमधला पारा वेगळा, आणि तोही या लेखात येणारच आहे. सदर बाजार, तात्यापारा हा सगळा जुन्या रायपूरचा भाग. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी छत्तीसगढी वळणाचं झालंय, पण दिवाळीची चकली अजून आपलीच आहे. या जुन्या पाऱ्यांत अशी बरीच घरं आहेत, की रस्त्यावरून पाहिलं तर दोन खोल्यांचं वाटावं आणि आत शिरलं की संपतच नाही. समोरची रुंदी पाच-सहा मीटर, खोली पंचवीस मीटर. समोर बैठक, मग खोल्या, मग चौक, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे जुनी न्हाणी.

ज्या घराबद्दल सांगतोय ते एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांचं. मागच्या गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर. मागेच का, तर पुढच्या गच्चीवर शेजारच्या तीन मजली घराची सावली पडते. आणि साहेबांच्या आई, वय चौऱ्याऐंशी, राहतात पुढच्या खोलीत, कारण रस्त्यावरची जा-ये तिथून दिसते. त्यांच्यासाठी पुढेच नवीन बाथरूम काढलं. म्हणजे गरम पाण्याची टाकी घराच्या एका टोकाला आणि ज्यांना ते सगळ्यात जास्त हवं त्या आजी दुसऱ्या टोकाला. डिसेंबर-जानेवारीत रायपूरला पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. आजी साडेपाचला आंघोळ करणार, त्यात बदल नाही. नळ उघडला की आधी अर्धी बादली गार पाणी. ते ओतून देणं त्यांच्या जिवावर यायचं. खारून नदीचं पाणी घरात पोहोचेपर्यंत काय यातायात होते ते त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलंय. अर्धी भरलेली बादली उचलून बाजूला ठेवणं झेपायचं नाही. मग त्या तेच गार पाणी अंगावर घ्यायच्या, आणि गरम येईपर्यंत आंघोळ संपलेली असायची. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी छातीत कफ धरला तेव्हा घरच्यांना कारण कळलं.

आता हे गार पाणी येतं कुठून? टाकीत तर साठ अंशांचं पाणी आहे. ते येतं पाईपमधून. काल रात्री शेवटचा नळ बंद झाला तेव्हा टाकीपासून नळापर्यंतचा पूर्ण पाईप गरम पाण्याने भरलेला होता. ते पाणी तिथेच थांबलं आणि थंड झालं. सकाळी नळ उघडल्यावर आधी हे शिळं पाणी बाहेर पडणार, मग त्याच्या मागचं. यात ना सोलरचा दोष, ना नळाचा. पूर्वी आपल्या घरांत तांब्याचा बंब न्हाणीतच असायचा. पाण्याचा प्रवास बंबापासून बादलीपर्यंत, म्हणजे वीतभर. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आपण गरम पाणी गच्चीवर नेलं तेव्हा तो जन्माला आला.

किती पाणी थांबलंय हे मोजणं सोपं आहे. साहेबांच्या घरात टाकीपासून आजींच्या नळापर्यंत पाईप भरला तीस मीटर. त्यातला चोवीस मीटर पाऊण इंची सीपीव्हीसी, शेवटचा सहा मीटर अर्धा इंची. पाऊण इंची पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. म्हणजे चोवीस मीटरचे सहा लिटर आणि उरलेल्याचं पाऊण लिटर. एकूण सात लिटरच्या आत. पण बादली आणि थर्मामीटर घेऊन मोजलं तर अडतीस अंशांचं पाणी यायला नऊ लिटर सोडावे लागले. वरचे दोन लिटर कुठले? गरम पाणी पुढे सरकताना पाईपच्या गार भिंतीला ऊब देत येतं, आणि पुढच्या गार पाण्यात थोडं मिसळतंही. म्हणून हिशेबाने जेवढं पाणी पाईपात मावतं त्याच्या सव्वा ते दीडपट सोडावं लागतं, हे धरूनच चालावं. नळाला मिनिटाला पाच लिटर पाणी होतं. नऊ लिटरला जवळजवळ दोन मिनिटं. थंडीत उघड्या अंगाने उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं फार होतात.

हा बादलीचा प्रयोग प्रत्येकाने आपल्या घरी आधी करावा. पहाटेच करायचा, कुणी नळ उघडायच्या आधी. तीन-चार लिटरांत गरम पाणी आलं तर पंपाचा विचार सोडून द्या, ते पाणी बादलीत धरा आणि कपड्यांना वापरा. सात-आठच्या वर गेलं तर पुढे वाचा.

इथे एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो आपल्या लोकांत पक्का बसला आहे. ‘पाईप मोठा टाका, पाणी लवकर येईल.’ गार पाण्याच्या लाईनला ते एक वेळ ठीक. गरम पाण्याच्या लांब लाईनला उलटं होतं. साहेबांच्या शेजारच्या घरात तेवढ्याच लांबीला एक इंची जीआय पाईप आहे, जुन्या काळचा, भक्कम. त्याच्या एका मीटरमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मावतं. तीस मीटरचे सतरा लिटर झाले, म्हणजे आख्खी बादली. शिवाय लोखंड जड. त्या पाईपचा एक मीटर तापवायला जेवढी उष्णता लागते ती त्याच्या आतलं पाणी तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ निम्मी आहे. पाण्याआधी लोखंड आपला वाटा काढून घेतं. पाईप जाड केला की तुम्ही वाट पाहण्याची टाकीच मोठी केलीत. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असतो, म्हणून फार बारीकही करता येत नाही, हे खरं. पण एका बाथरूमच्या एका नळासाठी एक इंची पाईप नेणं हे एका शिपायाला आणायला तीन टनी गाडी पाठवण्यासारखं आहे.

दुसरा सल्ला लोक देतात तो पाईपला फोम गुंडाळायचा. चांगला सल्ला आहे, पण तो काय करतो आणि काय करत नाही हे समजून घ्यावं. उघडा पाऊण इंची पाईप हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटांत आंघोळीच्या कामाचा राहत नाही. अर्धा इंच जाडीचा फोम घातला तर तेच पाणी तासभर टिकतं. म्हणजे आजींची आंघोळ झाल्यावर अर्ध्या तासाने सुनेने नळ उघडला तर तिला लगेच गरम पाणी मिळेल. पण रात्री दहा ते पहाटे साडेपाच या साडेसात तासांपुढे कुठलाही फोम टिकत नाही. पहाटेचा पहिला नळ गारच येणार. फोम दुसऱ्या-तिसऱ्या माणसाचा सोबती आहे, पहिल्याचा नाही. आणि या घरात पहिला माणूसच चौऱ्याऐंशी वर्षांचा.

म्हणून पंप. कल्पना साधी आहे. लांबच्या नळाजवळून एक बारीक परतीचा पाईप काढायचा आणि तो परत टाकीच्या तळाशी नेऊन जोडायचा. मधे छोटा पंप. पंप चालू केला की पाईपमधलं गार पाणी मोरीत न जाता परतीच्या वाटेने टाकीत जातं, आणि त्याच्या जागी गरम येऊन थांबतं. नळ उघडायच्या आधीच गरम पाणी दाराशी उभं. पाण्याचा थेंब वाया नाही.

साहेबांनी हे गेल्या नोव्हेंबरात करून घेतलं. ज्याने बसवलं त्याने पंप थेट प्लगला जोडला, ‘चालू ठेवा, वीज काही खात नाही’ असं सांगितलं आणि पैसे घेऊन गेला. पहिल्या दिवशी संध्याकाळी नळ उघडताच गरम पाणी. आजी खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ उघडला तर लगेच आलं खरं, पण कोमट. आणि कितीही सोडलं तरी कोमटच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग सोलरवाल्याला बोलावलं, त्याने नळ्या खराब झाल्यात म्हणून सांगितलं. सोलरच बदलून टाकायची भाषा सुरू झाली तेव्हा साहेबांचा मला फोन आला.

मी गेलो तो रात्री नऊला. टाकीतलं पाणी अठ्ठावन्न अंश. म्हणजे सोलर आपलं काम चोख करत होता. मग परतीच्या पाईपला हात लावला तर तोही चांगला गरम. पाईप गच्चीवरून उघडा, फोम नाही. सगळं तिथेच कळलं. साहेबांना म्हटलं, “साहेब, आज रात्री पंप बंद ठेवा आणि पहाटे मला टाकीचं तापमान कळवा.” पहाटे टाकी चोपन्नवर होती. दुसऱ्या रात्री पंप चालू ठेवला. पहाटे बत्तीस.

हे का झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. जाणारा तीस मीटर आणि येणारा तीस मीटर असा साठ मीटर उघडा पाईप रात्रभर गरम ठेवला गेला. बाहेर पंधरा अंश. अशा पाईपमधून सुरुवातीला एक किलोवॅटहून जास्त उष्णता हवेत जाते. टाकी थंड होत जाईल तशी ती कमी होते. म्हणजे गच्चीवर एक किलोवॅटचा हीटर उलटा लावून ठेवला, आकाश तापवायला. दोनशे लिटर पाणी अठ्ठावन्नवरून बत्तीसवर आलं, याचा अर्थ सहा युनिट उष्णता गेली. दिवसभर सूर्याने जे कमावलं त्यातलं बरंचसं. पंपाने स्वतः किती वीज खाल्ली? पंचेचाळीस वॅटचा पंप, साडेसात तास, जेमतेम एक-तृतीयांश युनिट. ‘वीज काही खात नाही’ हे वाक्य खरंच होतं. विकणारा पंपाची वीज सांगतो, पाईपची उष्णता सांगत नाही.

दोन्ही पाईपना फोम घातला असता तर? नुकसान निम्म्याहून कमी झालं असतं, पण टाकी तरीही पहाटे पंचेचाळीसच्या आसपासच मिळाली असती. रात्रभर कुणीही नळ उघडत नसताना पाईप गरम ठेवण्यात अर्थ काय? सेंट्री उभा करायचा तर ज्या वेळी धोका आहे त्या वेळी करा.

उपाय स्वस्त निघाला. पंप काढला नाही, फक्त त्याचा प्लग काढला. बाथरूमच्या बाहेर, आजींच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, घंटेचं असतं तसं बटण लावलं. ते दाबलं की पंप सुरू होतो. नळाजवळच्या पाईपला बाहेरून एक छोटा तापमानाचा सेन्सर बांधला आहे. तिथे अडतीस अंश झाले की पंप आपोआप बंद. आणि सेन्सर कधी बिघडलाच तर पंप रात्रभर चालू राहू नये म्हणून चार मिनिटांचा टायमर. आजी उठल्या की बटण दाबतात, देवाला नमस्कार करतात, टॉवेल घेतात, तोवर पाणी नळाशी आलेलं असतं. दोन मिनिटं तीच लागतात, पण ती कपडे अंगावर असताना जातात. टाकी पहाटे चोपन्नवरच मिळते.

यात उष्णता अजिबात वाया जात नाही असं मात्र नाही. आंघोळ झाल्यावर पाईपमध्ये जे सात लिटर गरम पाणी उरतं ते थंड होणारच. ती पाव युनिटच्या आसपास उष्णता पंप नव्हता तेव्हाही जात होती. बटणाचा पंप पाणी वाचवतो, उष्णता वाचवत नाही. चोवीस तासांचा पंप पाणी वाचवतो आणि उष्णता उधळतो. हा एवढा फरक डोक्यात ठेवला तर दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही.

बसवताना तिथे आणखी दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या, त्या सांगतो, कारण त्या सगळीकडे चुकतात. पहिली म्हणजे परतीच्या पाईपवर एनआरव्ही नव्हता. एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर नळ उघडल्यावर पाणी दोन्ही वाटांनी येतं. गरम वाटेने टाकीच्या वरच्या भागातलं, आणि परतीच्या वाटेने उलटं, टाकीच्या तळाचं गार. नळात दोन्ही मिसळतात. पंप बंद, टाकी कडकडीत आणि तरी नळाला कोमट पाणी येत असेल, तर आधी हाच संशय घ्यावा. ओळखायची खूण अशी, नळ उघडा असताना परतीच्या पाईपला हात लावा. तो गार पडत चालला असेल तर पाणी उलटं वाहतंय. परतीच्या वाटेवरचा गेट व्हॉल्व्ह बंद करून पाहा, नळाला गरम यायला लागलं की खात्री झाली.

दुसरी गोष्ट पंपाच्या आकाराची. ‘टाकी वर आहे, पाणी परत चढवायचं आहे, मोठाच पंप लागेल’ असं साहेबांना सांगण्यात आलं होतं आणि पाऊण हॉर्सपॉवरचा पंप सुचवला होता. हे चूक आहे. बंद फेऱ्यात पाणी जेवढं वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरत असतं, एकाचं वजन दुसऱ्याला तोलतं. विहिरीच्या रहाटाला दोन्ही बाजूंना पोहरा असावा तसं. पंपाला फक्त पाईपचं घर्षण सोसायचं असतं. साठ मीटर फेरा, परतीचा पाईप अर्धा इंची, मिनिटाला पाच लिटर पाणी, तर ते घर्षण दोन-अडीच मीटर उंचीएवढं भरतं. त्याला चाळीस-पन्नास वॅटचा गरम पाण्याचा छोटा पंप पुरतो. मोठा लावला तर टाकीच्या तळाशी पाणी जोरात शिरून वरचं गरम आणि खालचं गार ढवळून काढेल, आणि सोलरच्या टाकीत हे थर टिकणं फार महत्त्वाचं आहे. पंप मात्र गरम पाण्यासाठीचाच घ्यावा. साधा गार पाण्याचा पंप साठ अंशांवर ठेवला की त्याचं सील लवकर जातं.

आता नेव्हीतल्या मित्राचा आक्षेप. त्यांचं म्हणणं, “एवढा खटाटोप कशाला? लांबच्या बाथरूममध्ये एक गिझर लाव आणि मोकळा हो.” बहुतेक घरांसाठी ते बरोबरच बोलत आहेत. तुमच्याकडे सोलर नसेल, पाणी विजेवरच तापत असेल, तर परतीचा पाईप वगैरे विसरा, पंधरा लिटरचा गिझर नळाच्या जवळ बसवा. पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला साधारण सहा-दशांश युनिट वीज आणि दोन किलोवॅटच्या गिझरला वीसेक मिनिटं. बंबाचीच ही विजेवरची आवृत्ती, आणि बंब बरोबर जागी होता. तीन लिटरचा झटपट गिझर मात्र बादलीने आंघोळ करणाऱ्याला देऊ नका. हिवाळ्यात तीन किलोवॅटवरही तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर कढत न म्हणता येणारं पाणी देतो, बादली भरायला दहा मिनिटं. तो हात धुवायच्या बेसिनला ठीक.

साहेबांच्या घरी गिझर का नाही लावला? कारण पुढच्या भागातली वायरिंग जुनी, पंखे-दिव्यांच्या हिशेबाची. दोन किलोवॅटसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढावी लागली असती, तीही भिंती फोडून. सोलर आधीच होता, त्याचं पाणी फुकट होतं, आणि परतीचा पाईप गच्चीवरून उघड्यावरून नेता येत होता. तीनही गोष्टी जुळल्या म्हणून तिथे पंप योग्य ठरला. पैशांच्या हिशेबात तो वसूल होईल असं मी त्यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. दिवसातून चार वेळा नऊ लिटर वाचले तर छत्तीस लिटर. रायपूरचा हिवाळा शंभर दिवसांचा धरा, साडेतीन हजार लिटर. एखादा छोटा टँकर झाला. बाकीचे महिने त्या पंपाला सुट्टी, कारण मे महिन्यात इथे गच्चीवरच्या काळ्या टाकीतून गार नळालाच चटका बसणारं पाणी येतं. त्या दिवसांत सगळ्या घराला प्रश्न उलटा पडतो.

बराकीची आणि इस्पितळाची गोष्ट वेगळी. तिथे पहाटे चारपासून कुणी ना कुणी नळ उघडतच असतो, म्हणून पाईप सतत गरम ठेवणं परवडतं, अर्थात फोमसकट. शिवाय तिथे पाणी पाईपात कोमट होऊन पडून राहणं धोक्याचं आहे. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. नाव कशावरून पडलं? १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूमोनियासारख्या आजाराची साथ येऊन अनेक माजी सैनिक दगावले. जंतूची ओळख पटली पुढच्या वर्षी. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, गरम पाण्याच्या पाईपवर नव्हे. पण नंतर हाच जंतू मोठ्या इमारतींच्या गरम पाण्याच्या लाईनमध्ये, वापरात नसलेल्या फाट्यांत सापडत गेला. म्हणून मोठ्या इमारतींसाठी नियम असा की टाकी साठ अंशांवर आणि परत येणारं पाणी पन्नासच्या खाली जाऊ द्यायचं नाही. घरच्या सोलरवाल्यांनीही यातून एवढं घ्यावं, की महिनाभर बंद असलेल्या बाथरूमचा गरम नळ पहिल्यांदा उघडताना आधी पाणी सोडून द्यावं आणि तेव्हा शॉवरखाली उभं राहू नये.

मोठ्या इमारतीतली नेहमीची खोड वेगळीच. एका डोंगरी ठाण्यावर आमच्याकडे चार फाट्यांचा फेरा होता. पंप दणदणीत, तरी शेवटच्या फाट्यावरचे जवान गारच पाण्याने आंघोळ करायचे, आणि दर वर्षी पंप मोठा करायची मागणी जायची. पाणी सोपी वाट धरतं. पहिला फाटा आखूड, घर्षण कमी, म्हणून पंपाचं सगळं पाणी तिथूनच फिरून परत येत होतं. शेवटचा फाटा तसाच पडून. चारही परतीच्या पाईपना हात लावून पाहिलं तर पहिला तापलेला, दुसरा गरम, तिसरा कोमट, चौथा बर्फ. पहिल्या दोघांच्या परतीच्या व्हॉल्व्हला थोडं थोडं आवळत गेलो, दर वेळी अर्धा तास थांबून पुन्हा हात लावायचा. दुपारपर्यंत चारही सारखे झाले. मग व्हॉल्व्हच्या चाकांवर रंगाने खूण केली आणि हँडल काढून स्टोअरमध्ये जमा केली, नाहीतर पुढच्या थंडीत कुणीतरी पहिल्या फाट्याचा व्हॉल्व्ह ‘पूर्ण उघडून’ ठेवला असता.

जे आता घर बांधायला घेतायत त्यांच्यासाठी. आर्किटेक्टला सांगून बाथरूम आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून घ्या, आणि सोलर किंवा गिझर त्यांच्या डोक्यावर. मग पाईप पाच-सहा मीटरचा होतो आणि हा लेख तुमच्यासाठी नाही. ते जमणार नसेल, एक बाथरूम लांबच असेल, तर भिंतीचं प्लास्टर व्हायच्या आधी त्या बाथरूमपासून टाकीपर्यंत अर्धा इंची परतीचा पाईप टाकून दोन्ही टोकांना बूच मारून ठेवा. फोम दोन्ही पाईपना, तोही भिंतीत जायच्या आधीच. बटणासाठी एक वायर. पंप आज घेऊ नका. एक हिवाळा राहून पाहा, बादलीने मोजा आणि मग ठरवा. बुचं कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा, टाईल्स बसल्यावर प्लंबरला ती सापडत नाहीत. आणि पंप बसेल त्या दिवशी एनआरव्हीवरचा बाण स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो टाकीकडे हवा.